फोटोतील समीकरण 9x² + 25y² − 18x + 100y … 116 = 0 : केंद्र, नाभी आणि अक्ष नेमके कसे काढावेत?

शुभ्रकमळ

माझी भाची अकरावी विज्ञान शाखेत शिकते. क्लासमध्ये वाटलेली सरावपत्रिका तिला मिळाली नव्हती, म्हणून मैत्रिणीने तिचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. कागदाची घडी नेमकी एका समीकरणाच्या शेवटच्या पदावरून गेली आहे, आणि फोटोत तिथे सावलीही पडली आहे. मला वाचता येते ते असे:

9x² + 25y² − 18x + 100y ? 116 = 0

प्रश्नचिन्हाच्या जागी अधिक आहे की उणे, हे मला खात्रीने सांगता येत नाही. बाकीची चिन्हे स्पष्ट आहेत. वक्र कोणता ते ओळखून त्याचे केंद्र, नाभी आणि अक्षांच्या लांबी काढायच्या आहेत. पानाच्या तळाशी उत्तरांची ओळ आहे, पण फोटोत तिचा अर्धाच भाग आला आहे. त्यात केंद्र (1, −2) आणि उत्केंद्रता 4/5 एवढेच दिसते.

दोघी मुलींनी चिन्ह उणे धरून गणित सोडवले. भाचीने वर्ग पूर्ण करून 9(x − 1)² + 25(y + 2)² = 121 असे लिहिले, तर मैत्रिणीच्या वहीत उजव्या बाजूला 225 आहे. केंद्र दोघींचे (1, −2) आले आणि उत्केंद्रताही दोघींची 4/5 आली, म्हणजे छापील उत्तराशी दोघीही जुळतात. नाभी मात्र वेगवेगळ्या आहेत. भाचीच्या (59/15, −2) आणि (−29/15, −2) आहेत, तर मैत्रिणीच्या (5, −2) आणि (−3, −2). उत्तर जुळत असताना कोणाचे चुकले हे तिला कसे समजावून सांगावे, आणि फोटोतील चिन्हाचे काय करावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

---

चांदणचुरा

फोटो मोठा करून पाहिला. मला दुसऱ्या पदावर वर्गाचा 2 दिसत नाही. ते नुसते 25y वाटते. तसे असेल तर x चा वर्ग आहे आणि y चा नाही, म्हणजे हा अन्वस्त झाला आणि लंबवर्तुळाची सगळी चर्चाच गैरलागू ठरते. अन्वस्ताला केंद्र नसते, त्यामुळे प्रश्नातही काही गडबड असावी.

---

खडूफळा

चांदणचुरा, फोटोत तो घातांक खरोखरच पुसट आहे, पण तो तिथे असलाच पाहिजे हे समीकरणाच्या रचनेवरून कळते. पुढे +100y हे पद स्वच्छ दिसते. दुसरे पद नुसते 25y असते, तर छापणाऱ्याने दोन्ही मिळून 125y लिहिले असते; एकाच प्रकारची दोन पदे समीकरणात वेगवेगळी ठेवण्याची पद्धत नाही. शिवाय तळाच्या ओळीत केंद्र दिले आहे, ही तुमचीच शंका उलट बाजूने पाहिली तर पुरावा ठरते. फोटोवरून समीकरण उतरवताना प्रत्येक पद सुटे न वाचता सगळी ओळ मिळून अर्थपूर्ण होते का, हे आधी पाहावे.

शुभ्रकमळ ताई, चिन्हाचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवून आधी 121 आणि 225 यांचा निकाल लावू. शेवटचे पद −116 आहे असे धरून ते उजवीकडे नेले आणि x ची व y ची पदे वेगळी केली, तर असे मिळते:

9(x² − 2x) + 25(y² + 4y) = 116

पहिल्या कंसात वर्ग पूर्ण करण्यासाठी 1 मिळवावा लागतो आणि दुसऱ्या कंसात 4. आपण कंसाच्या आत 1 लिहितो, पण कंसाबाहेर 9 उभा आहे, म्हणून डाव्या बाजूत प्रत्यक्षात 9 ची भर पडते. तसेच दुसऱ्या कंसातील 4 मुळे 25 × 4, म्हणजे 100 ची भर पडते. उजव्या बाजूलाही तेवढीच भर घालायला हवी:

9(x − 1)² + 25(y + 2)² = 116 + 9 + 100 = 225

आपल्या भाचीने उजवीकडे नुसते 1 आणि 4 मिळवले, म्हणून 121 आले. ही चूक वर्गात फार वेळा होते आणि 121 हाही पूर्ण वर्ग निघाल्यामुळे या उदाहरणात ती अधिकच लपून राहते. 225 ने भागल्यावर (x − 1)²/25 + (y + 2)²/9 = 1 असे रूप मिळते. त्यावरून a = 5, b = 3, आणि केंद्रापासून नाभीचे अंतर √(25 − 9) = 4. दीर्घ अक्षाची लांबी 10 असून तो y = −2 या रेषेवर आडवा आहे; लघु अक्षाची लांबी 6 असून तो x = 1 या रेषेवर उभा आहे. नाभी केंद्रापासून आडव्या दिशेने चार-चार एकके दूर, म्हणजे (5, −2) आणि (−3, −2). मैत्रिणीचे उत्तर बरोबर आहे.

मुलीला समजावताना सूत्र पुन्हा सांगण्यापेक्षा तिच्याच उत्तरातील एक बिंदू मूळ समीकरणात घालायला सांगावे. 121 धरल्यास a = 11/3 येतो आणि उजवीकडचा शिरोबिंदू (14/3, −2) ठरतो. तो मूळ समीकरणाच्या डाव्या बाजूत घातला तर 196 + 100 − 84 − 200 − 116 = −104 येते. शून्य यायला हवे होते. ही −104 म्हणजे बरोबर 121 − 225 आहे, म्हणजे किती भर घालायची राहून गेली हेही तिला त्याच आकडेमोडीतून दिसेल. उलट (6, −2) घातला तर 324 + 100 − 108 − 200 − 116 = 0 येते.

---

अर्धविराम

मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या मते एवढे करण्याची गरज नाही. xy चे पद नाही, x² आणि y² यांची चिन्हे सारखी आहेत आणि सहगुणक वेगळे आहेत, म्हणजे हे लंबवर्तुळच आहे. शेवटच्या पदाचे चिन्ह काहीही असले तरी वक्राच्या प्रकारात त्याने फरक पडत नाही. आणि 9 पेक्षा 25 मोठा असून तो y² सोबत आहे, म्हणून दीर्घ अक्ष उभा असायला हवा. तेव्हा नाभी (1, −2 ± 4), म्हणजे (1, 2) आणि (1, −6) येतील असे मला वाटते. कृपया कोणीतरी तपासावे.

---

वाटसरू

अर्धविराम, पहिला भाग बराचसा बरोबर आहे, पण अक्षाची दिशा उलटी झाली आहे. 9 आणि 25 हे सहगुणक आहेत, छेद नव्हेत. 225 ने भागल्यावर 25(y + 2)² याचे (y + 2)²/9 होते, म्हणजे ज्या चलासोबत मोठा सहगुणक असतो त्याच्या खाली लहान छेद येतो. y जरासा हलला तरी 25 मुळे डावी बाजू झपाट्याने वाढते, त्यामुळे वक्र त्या दिशेला फार पसरू शकत नाही, असे पाहिले तर हे पाठ करावे लागत नाही.

तुमच्या नाभी तपासायच्या असतील तर वक्रावरील दोन बिंदू घ्या आणि दोन्ही नाभींपासून त्यांची अंतरे मोजा. बेरीज दोन्ही वेळा तीच यायला हवी. x = 4 घेतले तर (y + 2)² = 9 × 16/25, म्हणून y = 2/5 हा एक बिंदू मिळतो. (4, 2/5) पासून (5, −2) चे अंतर 13/5 आहे आणि (−3, −2) चे अंतर 37/5 आहे, बेरीज 10. लघु अक्षाच्या वरच्या टोकाचा बिंदू (1, 1) घेतला तर दोन्ही अंतरे 5 येतात. बेरीज पुन्हा 10. आता याच (1, 1) पासून तुमच्या (1, 2) आणि (1, −6) यांची अंतरे 1 आणि 7 आहेत, बेरीज 8. आणि (6, −2) या शिरोबिंदूपासून दोन्ही अंतरे √41 येतात, म्हणजे बेरीज 12.8 च्या आसपास. बेरीज बदलते, म्हणजे त्या नाभी नाहीत.

माझा पेशा हिशेबतपासनीसाचा असल्यामुळे असेल, पण उत्तर दुसऱ्या वाटेने जुळवून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि अंतरांची बेरीज ही वाट इथे फार सोयीची आहे.

---

खडूफळा

वाटसरू यांनी अक्षाचे व्यवस्थित सांगितले आहे. मी आता अर्धविराम यांच्या दुसऱ्या विधानाकडे वळतो, कारण शुभ्रकमळ ताईंच्या फोटोचा खरा प्रश्न तिथेच आहे.

शेवटच्या पदाला k म्हणू आणि k चे मूल्य न धरता वर्ग पूर्ण करू. तेव्हा 9(x − 1)² + 25(y + 2)² = 109 − k असे मिळते. डावी बाजू दोन वर्गांची बेरीज आहे, ती ऋण होऊच शकत नाही. k = −116 असेल तर उजवीकडे 225 येतात आणि वर काढलेले लंबवर्तुळ मिळते. k = 109 असेल तर उजवीकडे शून्य येते आणि सगळा वक्र आकसून (1, −2) या एकाच बिंदूवर येतो. आणि k = +116 असेल तर उजवीकडे −7 येते, म्हणजे हे समीकरण पाळणारा एकही बिंदू प्रतलावर नाही. म्हणून शेवटच्या पदाने प्रकारात फरक पडत नाही हे विधान अपुरे आहे. वर्गपदांचे सहगुणक एवढेच सांगतात की वक्र असलाच तर तो लंबवर्तुळ असेल; तो आहे की नाही, हे शेवटचे पद ठरवते.

इथे आणखी एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. केंद्र (1, −2) काढताना k कुठेच लागला नाही. उत्केंद्रता काढताना आपण लघु अक्ष आणि दीर्घ अक्ष यांचे गुणोत्तर वापरतो. ते फक्त 9 आणि 25 वर अवलंबून आहे, म्हणून उजव्या बाजूला कोणतीही धन संख्या असली तरी 4/5 च येते. k बदलला की लंबवर्तुळ त्याच केंद्राभोवती त्याच आकारात लहानमोठे होते, बाकी काही हलत नाही. म्हणूनच 121 आणि 225 या दोन्ही उजव्या बाजू छापील उत्तराशी जुळल्या, आणि म्हणूनच फोटोत दिसणाऱ्या अर्ध्या उत्तरावरून शेवटचे पद शोधून काढता येत नाही. लांबी किंवा नाभी यांपैकी एक जरी दिसली असती तरी काम झाले असते, कारण केंद्रापासून नाभीचे अंतर 4√(109 − k)/15 इतके असते; ते 4 असेल तर 109 − k = 225 हे लगेच निघते.

याउलट 25y² च्या आधीचे चिन्ह पुसले गेले असते तर दिसणारे केंद्र उपयोगी पडले असते. ते उणे धरले, +100y तसेच ठेवले आणि शेवटचे पद −116 घेतले, तर 9(x − 1)² − 25(y − 2)² = 25 असा अपास्त येतो आणि त्याचे केंद्र (1, 2) ठरते. तळाच्या ओळीत (1, −2) आहे, म्हणून ती शक्यता बाद होते. फोटोतील डाग कोणत्या पदावर पडला आहे, यावर उत्तराचा कोणता भाग धोक्यात आला हे ठरते.

---

वाटसरू

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर जिओजेब्रामध्ये पुढील ओळ टाइप करावी. k साठी सरकपट्टी आपोआप तयार होते. तिची मर्यादा −116 ते 116 ठेवावी.

```
9x^2 + 25y^2 - 18x + 100y + k = 0
```

पट्टी उजवीकडे नेताना लंबवर्तुळ जागच्या जागी लहान होत जाते आणि 109 च्या पलीकडे पडदा कोरा होतो. माझ्या मुलीला मी हे दाखवले तेव्हा केंद्र हलत नाही याकडे तिचे लक्ष आपोआप गेले.

---

नदीकाठ

माझी अडचण थोडी वेगळी आहे, पण याच विषयातील असल्यामुळे इथेच विचारतो. माझ्याकडील एका जुन्या प्रश्नसंचाच्या फोटोत हे समीकरण आहे:

5x² − 6xy + 5y² − 4x − 4y − 4 = 0

यात फोटो स्वच्छ आहे, वाचनाची काही अडचण नाही. वर दिलेल्या पद्धतीने x ची पदे एकीकडे आणि y ची दुसरीकडे करायला गेलो, तर −6xy कुठे ठेवावे हेच समजत नाही. ते सोडून दिले तर केंद्र (2/5, 2/5) येते, पण पुस्तकात केंद्र (1, 1) आहे आणि दीर्घ अक्षाची लांबी 4 दिली आहे. अशा समीकरणाला वर्ग पूर्ण करण्याची पद्धत लागूच होत नाही का?

---

अर्धविराम

लागू होते. आधी केंद्र काढून घ्या. x ने विकलन करून आणि y ने विकलन करून मिळणारी दोन समीकरणे 10x − 6y − 4 = 0 आणि −6x + 10y − 4 = 0 अशी आहेत, त्यांची उकल (1, 1) येते. आता x − 1 ला X आणि y − 1 ला Y म्हटले की रेषीय पदे नाहीशी होतात. (1, 1) वर मूळ डाव्या बाजूचे मूल्य −8 आहे, म्हणून 5X² − 6XY + 5Y² = 8 असे उरते. यात X चा वर्ग पूर्ण केला तर

5(X − 3Y/5)² + (16/5)Y² = 8

असे येते. 8 ने भागल्यावर छेद 8/5 आणि 5/2 येतात. म्हणजे a² = 5/2 आणि b² = 8/5. फक्त यावरून दीर्घ अक्षाची लांबी 2√(5/2), म्हणजे सुमारे 3.16 येते, 4 येत नाही. पुस्तकातील उत्तर चुकले असण्याची शक्यता आहे.

---

खडूफळा

पुस्तक बरोबर आहे. अर्धविराम, आपण केंद्र अगदी योग्य काढले आणि वर्गही योग्य पूर्ण केला; त्या ओळीत एकही आकडा चुकीचा नाही. त्यावरून दोन्ही वर्ग धन चिन्हाचे आहेत आणि उजवी बाजूही धन आहे, म्हणजे हे खरोखर लंबवर्तुळ आहे, एवढे निश्चित सांगता येते. मात्र त्या छेदांना a² आणि b² म्हणता येत नाही.

छेदांवरून अक्षांच्या लांबी वाचता येतात, कारण एरवी दोन्ही वर्गांतील राशी शून्य करणाऱ्या रेषा एकमेकींना काटकोनात छेदतात आणि त्या राशी म्हणजे त्या रेषांपासूनची खरी अंतरे असतात. आधीच्या उदाहरणात x = 1 आणि y = −2 या रेषा काटकोनात होत्या. इथे एक रेषा Y = 0 आहे, आणि दुसरी X = 3Y/5 ही तिच्याशी सुमारे 59 अंशांचा कोन करते. तिरकस चौकटीत मोजलेल्या लांबींना अक्षांच्या लांबी म्हणता येणार नाही. गंमत अशी की आपल्या लांबींवरून क्षेत्रफळ काढले तर ते अचूक येते: a²b² = 5/2 × 8/5 = 4, म्हणून क्षेत्रफळ 2π, आणि खरे क्षेत्रफळही तेवढेच आहे. त्यामुळे फक्त क्षेत्रफळ तपासून समाधान मानणाऱ्याला ही चूक सापडणार नाही.

नदीकाठ, आपल्या उदाहरणात खरे अक्ष शोधणे सोपे आहे. 5X² − 6XY + 5Y² = 8 यात X आणि Y यांची अदलाबदल केली तरी समीकरण तेच राहते. म्हणजे Y = X ही रेषा आरशासारखी आहे, तिच्या एका बाजूचा वक्र दुसऱ्या बाजूला जसाच्या तसा पडतो. त्याच कारणाने Y = −X ही रेषाही सममिती-अक्ष आहे, आणि या दोघी काटकोनात आहेत. आता Y = X घातले तर 4X² = 8, म्हणून X² = 2, आणि केंद्रापासूनच्या अंतराचा वर्ग X² + Y² = 4; म्हणजे या दिशेला अर्धा अक्ष 2 आहे. Y = −X घातले तर 16X² = 8, अंतराचा वर्ग 1, अर्धा अक्ष 1. तेव्हा दीर्घ अक्षाची लांबी 4 आहे आणि तो y = x या रेषेवर आहे. नाभीचे अंतर √(4 − 1) = √3 असून ते 45 अंशांच्या दिशेने मोजायचे आहे, म्हणून नाभी (1 + √6/2, 1 + √6/2) आणि (1 − √6/2, 1 − √6/2).

x² आणि y² यांचे सहगुणक सारखे नसतील तर ही अदलाबदल उपयोगी पडत नाही. तेव्हा आधी अक्ष किती कोनातून फिरवायचे ते tan 2θ = B/(A − C) यावरून काढावे लागते. यात A, B, C हे अनुक्रमे x², xy आणि y² यांचे सहगुणक आहेत. अक्ष फिरवून झाले की xy चे पद जाते, आणि मग पूर्ण वर्गाची नेहमीची पद्धत जशीच्या तशी चालते.

---

नदीकाठ

आता उलगडले. अंतरांची बेरीज मीही तपासली. लघु अक्षाचे टोक (1 + 1/√2, 1 − 1/√2) घेतले तर प्रत्येक नाभीपासूनचे अंतर √(3 + 1) = 2 येते, बेरीज 4, म्हणजे दीर्घ अक्षाएवढी. मला एक शंका राहते: tan 2θ च्या सूत्राने θ ची दोन मूल्ये मिळतात, काटकोनाच्या अंतराने. त्यांपैकी दीर्घ अक्षाची दिशा कोणती, हे सूत्र स्वतः सांगते का?

---

खडूफळा

सांगत नाही. दोन्ही दिशा घालून पाहाव्या लागतात, जशा आपण Y = X आणि Y = −X घालून पाहिल्या. XY च्या सहगुणकाचे चिन्ह पाहूनही अंदाज येतो. इथे ते उणे होते, म्हणून X आणि Y एकाच चिन्हाचे असताना डावी बाजू कमी वाढते आणि वक्र त्या बाजूला लांबवर जातो.

---

शुभ्रकमळ

सर्वांचे मनापासून आभार. भाचीने (14/3, −2) स्वतः घालून पाहिला आणि −104 आल्यावर कंसाबाहेरचा 9 आणि 25 कुठे विसरले हे तिनेच मला सांगितले.

फोटोबद्दल थोडी प्रगती आहे. मैत्रिणीने कागद सपाट करून, खिडकीजवळ उजेडात दुसरा फोटो काढला. त्यात शेवटच्या पदाआधी एक आडवी रेघ ठळक आहे आणि तिला छेदणारी एक बारीक उभी रेघ आहे, त्यामुळे पहिल्या नजरेला ते अधिक वाटते. मात्र ही उभी रेघ तिथेच थांबत नाही. वरच्या प्रश्नाच्या ओळीतून आणि खालच्या ओळीतूनही ती तशीच पुढे जाते. कागदाची घडी तिच्यापासून थोडी बाजूला आहे. उत्तरांची ओळ याही फोटोत अर्धीच आहे, कारण झेरॉक्समध्येच ती कापली गेली आहे.

---

वाटसरू

उभी रेघ तीन ओळींतून सलग जात असेल, तर ज्या मूळ प्रतीवरून झेरॉक्स काढली तिच्या घडीची किंवा यंत्राच्या काचेवरच्या ओरखड्याची ती छाया असावी. त्याच पानावर दुसरीकडे छापलेले अधिकचे चिन्ह शोधून त्याची उभी रेघ किती जाड आहे ते पाहावे. 25y² च्या आधीचे चिन्ह त्यासाठी चालेल. तिथली उभी रेघ आडवीएवढीच जाड असेल आणि 116 पुढची बारीक असेल, तर मी ते उणे वाचेन.

---

चांदणचुरा

मला मात्र ते अधिक असण्याची शक्यता पूर्णपणे सोडवत नाही. अशा सरावपत्रिकेत एखादे समीकरण मुद्दाम असे देतात की ज्याचा वक्र अस्तित्वातच नसतो, आणि विद्यार्थी ते ओळखतो का हे पाहतात. आकडे गोल येतात म्हणून उणेच असावे, हा युक्तिवाद मला पुरेसा वाटत नाही.

---

खडूफळा

चांदणचुरा, गोल आकडे हा पुरावा नव्हे, याबाबत मी आपल्याशी सहमत आहे. 225 पूर्ण वर्ग आहे म्हणून तेच छापले असेल, असे म्हणता येत नाही. पण तळाच्या ओळीत उत्केंद्रता 4/5 दिली आहे. वक्रावर एकही बिंदू नसेल, तर त्याच्या उत्केंद्रतेचे उत्तर छापण्यात अर्थ राहत नाही. उत्तर लिहिणाऱ्याने अस्तित्व न तपासता सूत्रात आकडे घातले असतील, ही शक्यता मात्र उरते, आणि ती इथे बसून नाकारता येणार नाही.

ताई, भाचीने वहीत −116 धरून पूर्ण उत्तर लिहावे आणि त्याखाली +116 असल्यास उजवी बाजू −7 येते, म्हणून वास्तव प्रतलावर असा एकही बिंदू नाही, हे वाक्य जोडावे. नंतर क्लासच्या शिक्षकांना नाभींचे छापील उत्तर विचारावे. चिन्ह विचारण्यापेक्षा नाभी विचारणे बरे, कारण (5, −2) असे उत्तर मिळाले तर चिन्हाचा आणि 116 या आकड्याचा, दोन्हींचा निकाल एकदमच लागतो.

---

शुभ्रकमळ

25y² च्या आधीचे चिन्ह पाहिले. तिथली उभी रेघ आडवीएवढीच जाड आहे आणि 116 पुढची तिच्या निम्म्यानेही नाही. भाचीने दोन्ही उत्तरे लिहून ठेवली आहेत. सोमवारी ती शिक्षकांना नाभी विचारेल, उत्तर मिळाल्यावर इथे लिहीन.